शब्दचर्चा : लॅच ‘धरतो’ आणि फ्लिपफ्लॉप ‘टिपतो’, असं म्हणता येईल का?

तळटीप
पदविकेच्या दुसऱ्या वर्षासाठी डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या नोट्स मराठीत लिहिते आहे. ‘लेव्हल ट्रिगर्ड लॅच’ आणि ‘एज ट्रिगर्ड फ्लिपफ्लॉप’ या जोडीपाशी अडले. पहिल्या खर्ड्यात लॅचला ‘कडी’ आणि एज ट्रिगर्डला ‘कडचालित’ असं लिहिलं होतं. वर्गात वाचून दाखवलं, तर निम्म्या मुलांनी ‘कडचालित’ म्हणजे कडीनं चालणारा, अर्थात लॅच, असा अर्थ लावला. नेमका उलटा! कड आणि कडी हे शब्द इतके जवळ आहेत हे लिहिताना लक्षातच आलं नाही. दुसरं काय सुचतंय?

अनुस्वार
‘कड’ सोडा, ‘धार’ घ्या. चढती धार, उतरती धार. कानाला बरं लागतं आणि कडीशी घोळही होत नाही. फरक तर अगदी साधा आहे: लॅचला क्लॉक नसतो, फ्लिपफ्लॉपला असतो. तेव्हा एकाला ‘बिनताली’ आणि दुसऱ्याला ‘तालबद्ध’ म्हटलं तरी काम भागेल.

सोल्डरगन
अनुस्वार, धारेबद्दल वाद नाही, पण क्लॉक असणं-नसणं ही खूण फसवी आहे. 7475 या लॅचच्या एनेबल पायावर कुणीही क्लॉक जोडू शकतो, आणि जोडतातही. एकच क्लॉक दोघांना दिला तरी दोघं वेगळे वागतात. तो वेगळेपणा वेव्हफॉर्म काढल्याशिवाय दिसत नाही, म्हणून काढूनच दाखवतो. एक खाना म्हणजे 10 नॅनोसेकंद. गेटमधून जाताना होणारा उशीर सोडून दिला आहे. `Q1` लॅचचा आणि `Q2` चढत्या कडेवर चालणाऱ्या फ्लिपफ्लॉपचा. दोघांना `D` आणि `CLK` एकच.

```
CLK ____‾‾‾‾‾‾______‾‾‾‾‾‾__
D   __‾‾‾‾__‾‾‾‾______‾‾____
Q1  ____‾‾__‾‾‾‾‾‾‾‾__‾‾____
Q2  ____‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾________
```

40 वर क्लॉक वर जातो. `D` त्या वेळी 1 आहे, म्हणून दोघंही 1 होतात. इथवर दोघांत काही फरक नाही, आणि पुस्तकातली आकृती इथेच थांबली तर मुलं दोघांना एकच समजतात. आता 60 कडे बघा. क्लॉक अजून वरच आहे आणि `D` खाली आला. लॅच त्याच्यामागे खाली गेला, 80 वर `D` चढला तसा पुन्हा वर आला. फ्लिपफ्लॉप मात्र जागचा हलला नाही.

100 वर क्लॉक खाली येतो. त्या क्षणी `D` 1 होता, तो लॅचनं धरून ठेवला. 120 वर `D` पडला तरी लॅच 1 वरच राहतो, कारण दार आता बंद आहे. 160 वर दार पुन्हा उघडतं, आत 0 येतो. 180 ते 200 मधला छोटासा पल्सही लॅचमधून तसाच बाहेर पडतो. फ्लिपफ्लॉपनं 160 वर एकदा बघितलं, 0 दिसला, तो घेतला, विषय संपला.

पूर्ण चित्रात लॅच सहा वेळा बदलला, फ्लिपफ्लॉप दोनच वेळा. मुलांना हे मोजायला लावा. आणि 100 ते 160 हा तुकडा मुद्दाम दाखवा. तिथे दोघं सारखे दिसतात, पण लॅचकडचा 1 हा 100 वर दार लागताना सापडलेला आहे आणि फ्लिपफ्लॉपकडचा 1 हा 40 वर टिपलेला आहे.

तळटीप
‘दार बंद होताना धरलेला’ आणि ‘टिपलेला’. सोल्डरगन, तुम्ही सहज वापरलेल्या या दोन क्रियापदांतच माझं उत्तर असावं. पक्षी दाणा टिपतो, कॅमेरा क्षण टिपतो. लॅच ‘धरतो’, फ्लिपफ्लॉप ‘टिपतो’. नामं इंग्रजीच ठेवली तरी चालतील.

पॅनेलवाला
आमच्याकडे मोटार स्टार्टरच्या पॅनेलमध्ये लॅच म्हणजे होल्डिंग. हिरवं बटण दाबून सोडलं तरी कॉन्टॅक्टर ओढलेलाच राहतो, कारण त्याचाच एनओ कॉन्टॅक्ट बटणाला समांतर जोडलेला असतो. लाल दाबलं की सुटतो. त्यात ना लेव्हल आली ना कड. मग ‘लेव्हल ट्रिगर्ड लॅच’ हे वेगळं काही आहे का? गेल्या पावसाळ्यात लाइट जाऊन आली आणि एका पंपाचं होल्डिंग सुटलं. मालकाला वाटलं मोटार जळाली.

सोल्डरगन
पॅनेलवाला, तुमचं होल्डिंगही लॅचच आहे, सेट आणि रिसेट एवढे दोनच हात असलेला. तळटीप विचारताहेत तो त्याचा पुढचा भाऊ. त्यात `D` ची एक तार आणि ती आत घ्यायची की नाही हे ठरवणारं एनेबल असतं. आणि तुमच्याकडेही लेव्हल आहेच. हिरवं बटण एकदा चिकटून दाबलेलंच राहू दे, लाल दाबून सोडल्याबरोबर मोटार पुन्हा सुरू होईल. बटण कधी दाबलं याला तिथे महत्त्व नाही, आत्ता दाबलेलं आहे की नाही याला आहे.

रानपाखरू
सर, मी तिसऱ्या सेमला आहे. प्रॅक्टिकलला क्लॉक निम्मा करायचा होता. 7474 मिळाला नाही म्हणून 7475 घेतला आणि क्यू बार परत डीला जोडला. ब्रेडबोर्डवरचा एलईडी क्लॉक वर असताना मंद पेटलेला दिसायचा आणि क्लॉक खाली आला की कधी पूर्ण पेटायचा, कधी विझायचा. मॅडम म्हणाल्या वायर लूज आहे. तीन वेळा वायरिंग केलं, तरी तेच.

सोल्डरगन
वायर बरोबर होती. एनेबल वर असताना लॅचचं दार उघडं असतं. क्यू 0 म्हणून क्यू बार 1, तो डीवर आला, आत शिरला, क्यू 1 झाला. लगेच क्यू बार 0, तोही आत शिरला. दार उघडं आहे तोवर हे असंच फिरत राहतं, फेरीला लागतो तो फक्त गेटमधला काही नॅनोसेकंदांचा उशीर. डोळ्याला ते मंद उजेडासारखं दिसतं. दार बंद होताना जे सापडेल ते उरतं, म्हणून कधी पेटलेला, कधी विझलेला. 7474 त्याच जागी लावलास तर एका चढत्या कडेला एकच उडी पडते, आणि दोन कडांना मिळून एक पूर्ण फेरी. तुला हवा होता तो निम्मा क्लॉक तोच.

अनुस्वार
क्लॉकचा माझा मुद्दा मागे घेतो. पण मग प्रत्येक ठिकाणी फ्लिपफ्लॉपच का वापरत नाहीत? लॅच हा त्याचा कच्चा अवतार वाटायला लागला.

सोल्डरगन
कच्चा अजिबात नाही. 8085 चं उदाहरण घ्या. त्याच्या एडी0 ते एडी7 या आठ तारांवर आधी पत्त्याचा खालचा बाइट येतो आणि नंतर त्याच तारांवर डेटा. पत्ता धरून ठेवायला 74373 हा लॅच लावतात आणि त्याच्या एनेबलला 8085 चा एएलई देतात. एएलई वर असताना पत्ता तारांवर येऊन स्थिरावतो, एएलई पडताना पत्ता धरला जातो.

एका कॉलेजच्या लॅबमधली कीट माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. रिसेट दाबलं तरी डिस्प्लेवर भलतीच चिन्हं. प्रोसेसर बदलून झाला होता, एप्रॉम बदलून झाली होती. स्कोपचा एक प्रोब एएलईवर आणि दुसरा ए0 वर ठेवला. ए0 बदलायचा तो एएलई चढताना, त्यानंतर हलायचाच नाही. मग प्रोब एडी0 वर नेला, तर तिथे खरा पत्ता एएलई चढल्यानंतर येत होता. आयसीचा माथा पुसून नंबर वाचला: 74374. कुणीतरी 373 ऐवजी बसवला होता. पिना तंतोतंत जुळतात, 11 नंबरच्या पायावर एकात एनेबल, दुसऱ्यात क्लॉक. 374 चढत्या कडेवर टिपतो, म्हणजे पत्ता यायच्या आधीच तारांवर जे काही पडलेलं असेल ते त्यानं उचललं. मॉनिटर प्रोग्रामची पहिली सूचनाच भलत्या जागेवरून वाचली जात होती.

रानपाखरू
मग एएलई नॉट गेटमधून उलटा करून 374 ला दिला तर? उतरती कड त्याला चढती वाटेल ना?

सोल्डरगन
वाटेल, आणि पत्ता बरोबर टिपलाही जाईल. पण मेमरीला तो उशिरा कळेल. 373 मधून पत्ता तारांवर आल्या आल्या पलीकडे जातो, एएलई पडेपर्यंत मेमरीनं शोधायला सुरुवातही केलेली असते. 374 एएलई पडल्यावरच पत्ता बाहेर सोडणार. 3 मेगाहर्ट्झवर एक टी-स्टेट 333 नॅनोसेकंदांची, त्यातले शंभरेक नॅनोसेकंद असे फुकट जातात. मेमरी वेगवान असेल तर चालून जाईल, जुनी संथ एप्रॉम असेल तर कीट कधी चालेल, कधी अडेल. अनुस्वार, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. दार उघडं असणं हीच लॅचची इथली कमाई.

तळटीप
म्हणजे ‘धरतो’ एवढंच लिहून भागणार नाही. धरण्याआधी तो ‘जाऊ देतो’ हेही यायला हवं. ‘एनेबल वर असेतो जाऊ देतो, पडताना धरतो’ असं लिहिते. फ्लिपफ्लॉपला ‘कडेवर टिपतो’. पण सोल्डरगन, कड म्हणजे खरंच क्षणभरच ना? मुलं विचारतील.

सोल्डरगन
वेव्हफॉर्मवर उभी रेघ दिसते, पण टिपायलाही वेळ लागतो. 74LS74 च्या डेटाशीटमध्ये डी कडेच्या आधी 20 नॅनोसेकंद आणि नंतर 5 नॅनोसेकंद स्थिर हवा, असं दिलं आहे. फोटो काढताना हललं तर चेहरा पुसट येतो, तसं. त्या पट्ट्यात डी बदलला तर काय टिपलं जाईल याची हमी नाही. माझ्या वरच्या चित्रात 160 च्या आधी `D` 40 नॅनोसेकंद स्थिर आहे, पण 40 च्या आधी बरोबर 20. तिथे एवढीही ढिलाई नाही.

जुनीपाटी
उशिरा लिहितो आहे. ‘धरतो-टिपतो’ आवडलं, पण दोन गोष्टी राहतात. एकल्स आणि जॉर्डन यांनी 1918 साली ज्या सर्किटचं पेटंट मागितलं ते आजच्या भाषेत लॅच, तरी फ्लिपफ्लॉपचा इतिहास तिथूनच सांगितला जातो. आमच्या वेळच्या पुस्तकांत तर ‘आरएस फ्लिपफ्लॉप’ हे नाव सर्रास लॅचला असे. मुलं जुनं पुस्तक उघडतील तेव्हा तुमची क्रियापदं तिथल्या नावाशी भांडतील.

दुसरं, जुना 7476 कुठे बसवणार? त्यात एकामागे एक असे दोन लॅच. क्लॉक वर असताना पहिला ऐकतो, क्लॉक पडताना दुसरा ते बाहेर सांगतो. आउटपुट कडेवर बदलतं, म्हणून टिपतो म्हणावं. पण क्लॉक वर असताना जे किंवा के वर क्षणभर चुकार 1 येऊन गेला तरी पहिला लॅच तो पकडून बसतो. 74LS76 मध्ये ही खोड नाही, तो खरोखर उतरत्या कडेवर चालतो. नंबर तोच, वागणं वेगळं.

अनुस्वार
जुन्या 7476 ला ‘पल्सभर ऐकणारा’?

सोल्डरगन
‘ऐकणारा’ बरा आहे, पण मग लॅचही एनेबलभर ऐकतोच की. फरक एवढाच की लॅच ऐकता ऐकताच बोलतो, आणि हा सगळं ऐकून झाल्यावर. मला अजून शब्द सापडलेला नाही.

तळटीप
नोट्समध्ये 7476 साठी सध्या जागा मोकळी सोडली आहे. उद्या वरचं चित्र फळ्यावर काढून `Q1` आणि `Q2` मुलांनाच भरायला सांगणार आहे.