स्वतः काढलेल्या चित्राच्या फोटोखाली काय लिहावं?

अबोली
जलरंगात काचेच्या बरणीचं चित्र काढलंय, ए-फोर आकाराचं. बरणीत पाणी, मागे गडद निळा पडदा. मला स्वतःला ते मनापासून आवडलंय. फोटोखाली लिहिलं होतं, "सहज केलेला छोटासा प्रयत्न. डावीकडे डाग पडलाय, सांभाळून घ्या." भाऊ म्हणतो हे रडगाणं काढून टाक. आई म्हणते राहू दे, नाहीतर टिमकी वाजवल्यासारखं वाटेल. आनंद दिसावा, पण शेखी मिरवल्यासारखं होऊ नये. काय लिहू? चित्राचा फोटो सोबत जोडलाय.

रेघोट्या
भावाचं बरोबर आहे. आपल्या कामातली खोट आपण कधीच दाखवायची नाही, हा माझा नियम. "जलरंग, ए-फोर" एवढंच लिहा आणि गप्प बसा. चित्र बोलेल ते बोलेल. प्रदर्शनात चित्राशेजारी चिठ्ठी असते तिच्यावर माध्यम, आकार आणि साल असतं. "सांभाळून घ्या" असं कुठे पाहिलंय का?

मृदुला
माझंच सांगते. दोन मजली केक केला होता. वर गमपेस्टची फुलं होती, एकेक पाकळी लाटून, कडा पातळ करून, तारेवर वाळवलेली. सगळा जीव त्या फुलांत ओतला होता. फोटोखाली लिहिलं, "वरचा थर जरा कललाय, पण गोड मानून घ्या." झालं! खाली सगळ्यांचं एकच: कुठे कललाय, किती कललाय, आत काड्या घातल्या नव्हत्या का. काहींनी तर फोटो मोठा करून तिरकेपणा शोधला. फुलांबद्दल एका मैत्रिणीशिवाय कोणी चकार शब्द काढला नाही. आणि यात त्यांचा दोष नाही, बघा. मीच बोट दाखवून सांगितलं होतं की इकडे बघा.

पाटीपेन्सिल
मी आईच्या बाजूने. आपण नवीन असतो तेव्हा ते वाक्य रडगाणं नसतं, रीत असते. समोरच्याला कळतं की ही व्यक्ती अजून शिकतेय, मग तोही हात राखून बोलतो. दुसरं म्हणजे, डाग दिसतोच आहे. मी नाही सांगितला तर दुसरं कोणीतरी सांगणार, आणि ते जास्त लागतं. आधीच कबूल केलं की विषय संपतो. रेघोट्या, तुमची प्रदर्शनातली चिठ्ठी इथे कोरडी वाटेल. अबोलीताई आपल्याच माणसांना चित्र दाखवतेय, दालनात लावत नाहीये.

उनाडवारा
फोटो जरा फिका आलाय, ते आधी बघा. चित्राचा बराचसा भाग गडद असला की मोबाईल आपणहून उजेड वाढवतो. मग निळा धुतल्यासारखा दिसतो आणि बरणीवरच्या चमकत्या जागा फुटतात, तिथला तपशीलच नाहीसा होतो. खिडकीजवळ ठेवा, पण थेट ऊन नको. मोबाईल कागदाला समांतर धरा, नाहीतर चौकोन एका बाजूला निमुळता होतो. पडद्यावर चित्राला बोट लावून उजेड थोडा खाली ओढा. बाकी चित्र फार छान!

अबोली
उनाडवारा, प्रश्न ओळीचा होता, पण हे उपयोगी पडलं. नवीन फोटोत निळा बराच खरा आलाय. आधी मी "प्रत्यक्षात रंग जास्त चांगले आहेत" असंही लिहिणार होते, त्याची आता गरज नाही.

कागदवेडा
नवीन फोटो नीट पाहिला. आता ओळीकडे येतो. त्यात मला सगळ्यात जास्त खटकतोय तो डाग नाही, "सहज" हा शब्द.

बरणीच्या खांद्यावर दोन पांढरे ठिपके आहेत, तोंडाच्या काठावर एक बारीक रेघ आहे आणि पाण्याच्या पातळीशी एक तिरकी पट्टी. या चारही जागा कोऱ्या कागदाच्या दिसतात. जलरंगात उजेड शेवटी लावता येत नाही, तो आधीपासून राखावा लागतो. पडद्याचा पहिला निळा हात मारण्याआधीच ठरलेलं असतं की ब्रश इथून वळणार आणि एवढी जागा मोकळी राहणार. शिवाय निळा गडद आहे, म्हणजे त्याच कडेशी दोन-तीनदा तरी ब्रश आणला असणार, आणि दर वेळी ठिपका शाबूत राहिलाय. हे सहज होत नाही. ज्याने कधी जलरंग हाताळलेत त्याला ते कळतं, आणि तुम्ही "सहज" म्हणालात की तो गोंधळतो. ज्याने हाताळले नाहीत त्याला वाटतं की खरंच सोपं असेल. दोघांनाही चुकीची माहिती मिळते, मग त्या शब्दाला नम्रता कशी म्हणायची?

आता डाग. डावीकडे खाली जो दातेरी कडेचा फिका पट्टा आहे तोच ना? रंग अर्धवट वाळलेला असताना जास्त पाण्याचा ब्रश टेकला की पाणी रंगाचे कण बाहेर ढकलतं. मध्ये फिकं होतं आणि कडेला गडद नक्षी उमटते. काही जण हे मुद्दाम करतात. तुम्ही मुद्दाम केलं नाही हे तुम्हालाच ठाऊक. बघणाऱ्याला ती पडद्याची घडी वाटू शकते. मला पहिल्यांदा तशीच वाटली.

पण रेघोट्या, तुमचा "कधीच नाही" हा नियमही मला पटत नाही. चित्र शिकण्यासाठी दाखवत असाल तर खोट सांगायलाच हवी, फक्त ती प्रश्न म्हणून यावी: "डावीकडे रंग फुटला, कागद किती ओला असताना थांबायला हवं होतं?" याला कामाचं उत्तर मिळतं. "सांभाळून घ्या" म्हटलं की लोकांना करायला काहीच उरत नाही. बिचारे "नाही नाही, छानच आहे" म्हणतात आणि पुढे जातात.

इथे आनंद वाटून घ्यायचा आहे, तर मी असं काहीसं लिहीन: "काचेची बरणी. जलरंग, ए-फोर. बरणीवरची चमक म्हणजे कोरा ठेवलेला कागद आहे, पांढरा रंग कुठेच लावलेला नाही. ते ठिपके शेवटपर्यंत टिकले याचा फार आनंद झालाय." यात चित्र सुंदर आहे असा दावा नाही. एक गोष्ट जमली, ती कुठे आहे ते सांगितलं आणि आनंद झाला तेही सांगितलं. अभिमान एवढ्याशा जागेत बसवला की शेखी वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

मृदुला
हे फार आवडलं. मी तेव्हा "फुलांच्या पाकळ्या लाटायला या वेळी जमल्या" एवढंच लिहायला हवं होतं. अबोली, किती तास लागले तेही लिही की! मेहनत कळते.

रेघोट्या
तास नकोत. जलरंगात निम्मा वेळ कागद वाळायची वाट बघण्यात जातो, तो धरायचा की नाही? आणि जास्त तास लिहिले तर कौतुक मागितल्यासारखं होतं, कमी लिहिले तर हुशारी दाखवल्यासारखं.

मृदुला
तुमच्या चित्रांचं तसं असेल. हातच्या भरतकामात किंवा साखरेच्या फुलांत वेळ हीच खरी गोष्ट असते. बघणाऱ्याला एरवी कळतच नाही की फूल एका दिवसात होत नाही, रात्रभर वाळावं लागतं. मी तर लिहिणारच.

पाटीपेन्सिल
कागदवेडा, तुमची ओळ चांगली आहे, पण तुम्ही नम्रतेला फारच कमी जागा दिलीत. यान व्हान आयक या चित्रकाराचं 1433 सालचं एक व्यक्तिचित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, लाल पागोटं घातलेल्या माणसाचं. बरेच जण ते त्याचं स्वतःचंच मानतात. त्याच्या चौकटीवर वरच्या बाजूला त्याने लिहून ठेवलंय, "मला जमेल तसं." एवढा मोठा हात, आणि हे वाक्य. मग अबोलीताईने "छोटासा प्रयत्न" म्हटलं तर बिघडलं कुठे?

कागदवेडा
उदाहरण अगदी चपखल आणलंत, पण चौकटीची खालची बाजूही बघा. तिथे त्याने स्वतःचं नाव लिहिलंय, "मला याने घडवलं", आणि वर्षच नव्हे तर तारीखसुद्धा, 21 ऑक्टोबर. वर "जमेल तसं", खाली नाव ठसठशीत. "इथे चुकलंय" असं मात्र त्याने कुठेच लिहिलेलं नाही. मला हवंय ते हेच.

रेघोट्या
त्या "जमेल तसं"मध्ये त्याने स्वतःच्या नावावर कोटी केलीय असंही मानतात. "माझ्यासारखं दुसऱ्याला जमून दाखवा" असा सूर काही जणांना त्यात ऐकू येतो. तेव्हा ती नम्रताच, असं छातीठोक म्हणू नका.

पाटीपेन्सिल
दोन्ही असेल. म्हणून तर ते वाक्य टिकलं. मला ते अजूनही नम्रच वाटतं.

अबोली
"सहज" काढलं. पण दोन गोष्टी सांगायला हव्यात. ठिपके ब्रशने राखलेत, पण काठावरची बारीक रेघ मास्किंग फ्लुइड लावून राखली, नंतर ते खरवडून काढलं. आणि बरणी समोर ठेवली नव्हती, एका छायाचित्रावरून काढली. छायाचित्रकाराचं नाव माहीत आहे. हेही ओळीत यायला हवं का?

रेघोट्या
फ्लुइड लिहा. नाहीतर "कोरा कागद" वाचून लोकांना वाटेल सगळं हाताने सोडलंय.

कागदवेडा
माझ्या मते फ्लुइड लिहायची गरज नाही. कागद तिथेही कोराच आहे, वाक्य खरं राहतं, आणि कोणी विचारलं तर सांगता येतं. छायाचित्रकाराचं मात्र नाव हवंच. बरणी कुठे ठेवायची, उजेड कुठून यायचा, चमक कुठे पडायची, हे त्या माणसाने ठरवलं. तुम्ही ती चमक कागदावर टिकवली. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि ओळीत ती वेगळी दिसली की तुमचा वाटा उलट जास्त स्पष्ट होतो. एक मात्र लक्षात ठेवा: नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. सगळ्यांसमोर टाकणार असाल तर आधी त्यांना विचारा. चित्र विकायचं झालं तर नक्कीच विचारा.

मृदुला
माझी भाची तयार साच्यातून फुलं काढते आणि "मी बनवलं" लिहिते. मला वाटतं चालतं, पण "साच्यातली फुलं, रंग माझे" लिहिलं असतं तर तिच्या रंगांकडे जास्त लक्ष गेलं असतं. रंग खरंच सुरेख भरते.

अबोली
छायाचित्रकाराला विचारलं, आनंदाने हो म्हणाले. त्यांचं नावही ओळीत देतेय. असं लिहिलंय:

"काचेची बरणी. जलरंग, ए-फोर. मूळ छायाचित्र सोबत नाव दिलेल्या छायाचित्रकाराचं, त्यांच्या परवानगीने. बरणीवरची चमक म्हणजे कोरा ठेवलेला कागद आहे. ती शेवटपर्यंत राखता आली, म्हणून हे चित्र मला फार आवडतं."

डागाबद्दल काही लिहिलं नाही. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली की "मला" आहे ना त्यात, मग चालेल.

पाटीपेन्सिल
चांगली झालीय. मी असते तर शेवटी "अजून शिकतेय" जोडलं असतं.

रेघोट्या
मी शेवटचं वाक्यच काढलं असतं. पण चित्र तुमचं आहे. डागाचा प्रश्न वेगळा धागा काढून नक्की विचारा, मलाही तो रंग नेमका कधी फुटतो ते समजून घ्यायचंय.