उत्तर: गाडीच्या विम्याच्या दाव्यात फोटोतला गंज पुसला तर

> "नुकसान खरंच झालंय, मग फोटोत जुना गंज जरा पुसला तर फसवणूक कशी? खोटा पोचा तर दाखवला नाही ना!"

तो गंजच सांगतो की पत्रा आधीपासून उघडा होता. विमा त्या अपघातापुरता असतो, त्यामुळे तो पुसणं म्हणजे जुनी दुरुस्ती कंपनीच्या खर्चाने करून घेणं. भर घाला नाहीतर पुसा, महत्त्वाची माहिती मुद्दाम बदलली हेच धरतात. बऱ्याच पॉलिसींत मग खऱ्या नुकसानीचे पैसेही जातात, आणि लोकांना नेमकं तेच माहीत नसतं.

मी विम्याच्या दाव्यांत सर्वेअरचं काम करतो. एका दाव्यात दाराच्या खालच्या कडेचा गंज पुसलेला होता. मला आधी खटकलं ते प्रतिबिंब. दाराच्या रंगात जमिनीवरच्या पट्ट्याची रेघ दिसत होती. पोच्यापाशी ती वाकायला हवी, तशी वाकलीही होती, पण पुसलेल्या जागी एकदम तुटून पुढे पुन्हा सुरू होत होती. शिवाय धुळीचे तेच तीन ठिपके शेजारी-शेजारी दोनदा! बाजूचा तुकडा उचलून तिथे चिकटवला होता. पण एवढ्यावर कोणी दावा फेटाळत नाही, कारण फोन स्वतःही फोटो गुळगुळीत करतो. मूळ फाइल मागितली, ती मिळाली नाही, म्हणून गाडीच बघायला गेलो. रंगाच्या फुगवट्यावर नख लावलं तर खालून तपकिरी भुगा निघाला. दोन दिवसांपूर्वीच्या धडकेत पत्रा असा आतून सडत नाही.