मदत हवी आहे: रिअ‍ॅक्शनची केस, डीसीटी निगेटिव्ह पण प्लाझ्मा गुलाबी

रात्रपाळी: पेशंटला ए पॉझिटिव्ह पॅक्ड सेल लावली, साधारण ६० एमएल गेल्यावर थंडी, ताप आणि कंबरदुखी, म्हणून बंद करून बॅग आणि नवीन सँपल आमच्याकडे पाठवलंय. फॉर्म, लेबल, बॅग नंबर, रजिस्टर सगळं जुळतंय. आधीच्या सँपलचा प्लाझ्मा पिवळा, नंतरचा गुलाबी. डीसीटी निगेटिव्ह. रिपीट ग्रुपिंगमध्ये बॅग ए, आधीचं सँपल ए, पण नंतरचं ओ येतंय, अँटी-ए च्या ट्यूबमध्ये बारीक दोन-तीन गुठळ्या आहेत फक्त. नक्की काय समजायचं?

पॅथोप्रेमी: डीसीटी निगेटिव्ह म्हणजे हिमोलिटिक नाही, साधी ताप-थंडीवाली रिअ‍ॅक्शन. नंतरचं सँपल दुसऱ्याच कुणाचं असेल, परत मागवा.

सुई_सिरिंज: आमच्याकडे असाच गुलाबी प्लाझ्मा आला होता, बारीक सुईने जोरात खेचलेलं निघालं. नीट काढून घेतलं तर स्वच्छ.

जुनी_खोड: सँपल परत मागवाच, ते बरोबर आहे, पण पॅथोप्रेमी, डीसीटीचं म्हणणं पटत नाही. चढवलेल्या पेशी फुटूनच गेल्या तर डीसीटी कशावर पॉझिटिव्ह येणार? रात्रपाळी, रिव्हर्स काय आलं? आणि कूम्ब्स सीरम नुसतं आयजीजीचं की पॉलीस्पेसिफिक?

रात्रपाळी: नुसतं आयजीजीचं, कंट्रोल सेल्स टाकून बघितल्या, चालतंय. रिव्हर्समध्ये ए सेल्स आणि बी सेल्स दोन्ही जोरात.

जुनी_खोड: मग प्लाझ्मात अँटी-ए आहे. ते बहुतेक आयजीएम, पेशीवर कॉम्प्लिमेंट सोडून जातं, ते तुमच्या सीरमला दिसणारच नाही. पॉलीस्पेसिफिकने परत लावा. त्या गुठळ्या मायक्रोस्कोपखाली बघा, भोवती सुट्ट्या पेशी असतील तर मिक्स्ड फील्ड, म्हणजे ओ पेशंटच्या रक्तात बॅगेच्या ए पेशी. नंतरचं सँपल भलत्याच, रक्त न चढवलेल्या माणसाचं असतं तर हे मिश्रण आलं नसतं. माझा संशय आधीच्या सँपलवर: काढतानाच चुकीच्या ट्यूबवर नाव गेलं असेल तर कागद जुळणारच ना! बॅगेच्या सेगमेंटशी दोन्ही सँपलचा क्रॉसमॅच लावा. वॉर्डला आत्ता फोन करा, पेशंटला तातडीने बघू देत आणि लघवीही मागवा, फिरवल्यावर वरचं पाणी लालच राहिलं तर हिमोग्लोबिन, तळाला लाल थर बसून वर स्वच्छ झालं तर अख्ख्या पेशी. आणि त्याच वेळी सँपल आलेल्या दुसऱ्या पेशंटचं रक्त थांबवा, अदलाबदल असेल तर पुढचा तो.

रात्रपाळी: फोन केला, डॉक्टर पेशंटजवळच आहेत. ताजं सँपल बेडवर नाव विचारून काढलं, ओ, तेच मिक्स्ड फील्ड, प्लाझ्मा अजून गुलाबी. आधीच्या सँपलशी क्रॉसमॅच कंपॅटिबल, ताज्याशी इनकंपॅटिबल. लघवी फिरवूनही लाल. पॉलीस्पेसिफिक अजून मिळालं नाही. त्याच वेळचं एक सँपल ओ म्हणून लागलंय, इश्यू थांबवलाय, तिथून परत सँपल यायचंय.

सुई_सिरिंज: ते ए निघालं तर इथे नक्की टाका.