प्रश्नोत्तरे समारोपाच्या आधी घ्यावीत की नंतर?

केगावकर
पुढच्या महिन्यात सांगोला तालुक्यातील एका गावात डाळिंबावरील तेल्या रोगाविषयी मला ४५ मिनिटांचे व्याख्यान द्यायचे आहे. संहिता लिहून झाली आहे आणि प्रश्नोत्तरांसाठी १२ मिनिटे राखली आहेत. पण त्यांतून माझ्या शेवटच्या परिच्छेदाकडे परतायचे कसे, हे सुचत नाही. शेवटचा प्रश्न कोणता येईल हे ठाऊक नसताना जोडवाक्य आधी लिहिता येते का? की समारोप उरकून मगच प्रश्न घ्यावेत?

जुना संहितालेखक
प्रश्न आधी घ्या आणि समारोप शेवटी ठेवा, असे माझे स्पष्ट मत आहे. सभेतून उठताना माणसाच्या कानात जे असते तेच तो घरी नेतो, आणि ते वाक्य कुणाच्या तरी शेवटच्या प्रश्नावर सोडून देणे वक्त्याला परवडत नाही. तुमच्या ४५ मिनिटांतील २८ मिनिटे मुख्य विषयाला, १२ प्रश्नांना, ३ समारोपाला आणि २ शिलकीत, अशी मांडणी मी करीन. सभेत सावकाश बोलणारा वक्ता मिनिटाला साधारण ११० शब्द बोलतो, म्हणजे समारोप सव्वातीनशे शब्दांच्या पुढे जाऊ देऊ नये. शिवाय त्याचीच शंभर शब्दांची, एका मिनिटात संपणारी दुसरी प्रत वेगळ्या कागदावर ठेवावी, कारण प्रश्नोत्तरे ठरल्या वेळेत संपतातच असे नाही.

जोडवाक्य आधी लिहिता येते. फक्त ते प्रश्नाच्या मजकुरावर न बेतता प्रश्नाच्या जातीवर बेतावे लागते. तुमच्या सभेत शेवटचा प्रश्न बहुधा तीन जातींपैकी एक असेल. पहिली जात थेट विषयाची: ‘तेल्यावर औषध कोणते मारू?’ दुसरी विषयाबाहेरची: ‘व्यापारी दर पाडतात, त्याचे काय?’ आणि तिसरी स्वतःच्या बागेची: ‘माझ्या दोन एकरांत डाग आलेत, बाग ठेवू की काढू?’ तिन्ही ठिकाणांहून समारोपाच्या एकाच पहिल्या शब्दावर येता आले पाहिजे, म्हणून आधी तो शब्द ठरवा. तुमच्या विषयात तो ‘कात्री’ असावा असे मला वाटते, कारण छाटणीची कात्री एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना रोगही सोबत नेते, ती द्रावणात बुडवून निर्जंतुक करणे शेतकऱ्याच्या हातचे आहे, आणि हे सांगायलाच तुम्ही तिथे जात आहात.

आता सांधे लिहून पाहू. औषधाच्या प्रश्नाला नेमके उत्तर दिल्यावर म्हणावे, ‘औषधाचे विचारलेत ते बरे झाले, पण फवारणीच्या आधी आपल्या हातात येते ती कात्री.’ दराच्या प्रश्नाला एका वाक्यात प्रामाणिक उत्तर द्यावे आणि पुढे म्हणावे, ‘दर आपल्या हातात नाही, कात्री आपल्या हातात आहे.’ स्वतःच्या बागेचा प्रश्न आला तर सभा संपल्यावर भेटण्याचे ठरवून म्हणावे, ‘तुमची बाग पाहिल्याशिवाय मी सल्ला देणार नाही, मात्र उद्या छाटणीला जाल तेव्हा कात्रीचे एवढे करा.’ तिन्ही वाक्ये ‘कात्री’ला टेकली की समारोपाचा पहिला परिच्छेद सुरू होतो आणि ऐकणाऱ्याला जोड जाणवत नाही.

पंढरपूर रस्ता
वरील मांडणी सभागृहात शोभेल, गावात नाही. शेतकरी संध्याकाळी धारा काढायला उठतात आणि काही जण शेवटच्या एस.टी.कडे डोळे लावून बसलेले असतात. ज्यांना प्रश्न नसतात ते प्रश्नोत्तरे सुरू होताच निघू लागतात, म्हणजे ज्यांना मुख्य निष्कर्ष ऐकवायचा तेच समारोपाला नसतात. शिवाय आपल्याकडे वक्त्यानंतर अध्यक्षांचे दोन शब्द आणि आभारप्रदर्शन असतेच. प्रश्नांनंतर वक्त्याने पुन्हा तीन मिनिटे बोलणे म्हणजे एकाच सभेचे तीन शेवट. व्याख्यान पूर्ण करावे, टाळ्या घ्याव्यात आणि मग ज्यांना थांबायचे आहे त्यांचे प्रश्न मोकळेपणाने घ्यावेत, हीच आपली रीत आहे आणि ती चुकीची नाही.

जुना संहितालेखक
धारांच्या वेळेचा मुद्दा खरा आहे, आणि त्यावरचा उपाय संहितेतच करावा लागतो. कात्रीचा निष्कर्ष २८व्या मिनिटाला, प्रश्न सुरू होण्यापूर्वी, दोन वाक्यांत सांगून टाकावा; समारोपात नवे काही नसावे, तेच अधिक ठळकपणे यावे. म्हणजे जो उठून गेला त्याच्याजवळ निष्कर्ष आहे आणि जो थांबला त्याला तो दुसऱ्यांदा मिळतो. मात्र तुमची पद्धत पत्करली तर शेवट कसा होतो तेही पाहा. वक्ता विचारतो, ‘आणखी काही प्रश्न?’ कुणी बोलत नाही, तोही काही क्षण गप्प राहतो, मग ‘बरं, धन्यवाद’ म्हणून खाली बसतो. चांगल्या व्याख्यानाला असा शेवट मी कधी लिहून दिलेला नाही.

त्याऐवजी १२ पैकी ९ मिनिटे होताच वक्त्याने सांगावे, ‘आता दोन प्रश्न घेतो आणि त्यानंतर मला तीन मिनिटे बोलायचे आहे.’ हे वाक्य संहितेत ठळक अक्षरांत आणि घड्याळाच्या वेळेसह लिहिलेले असावे. शेवटचे प्रश्न दोन म्हणावेत, एक नव्हे. एकच म्हटला आणि तो भलताच निघाला तर त्यावरून समारोपाकडे वळणे अवघड जाते, दोन असतील तर कोणत्या उत्तरावरून वळायचे याची निवड तुमच्याकडे राहते.

बाळीवेस
मी शाळांच्या आणि मंडळांच्या कार्यक्रमांचे सूत्रसंचालन करतो. प्रश्नमंजुषेत गुणफलक वाचून दाखवल्यावर सभा आपोआप बक्षीस समारंभाकडे वळते, त्यामुळे वेगळे जोडवाक्य मला कधी लागले नाही. फेऱ्या चार ठेवाव्यात आणि शेवटची फेरी झटपट प्रश्नांची असावी, म्हणजे रंगत टिकते.

केगावकर
धन्यवाद, पण माझ्याकडे स्पर्धा नाही; श्रोते मला प्रश्न विचारणार आहेत.

बाळीवेस
मग माझे म्हणणे चुकीच्या जागी पडले. तरी सूत्रसंचालकाच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘प्रश्नोत्तरे’ आणि लगेच खाली ‘आभार’ असे छापलेले असते. प्रश्न थांबले की आम्ही शाल-श्रीफळ घेऊन उभे राहतो, आणि वक्त्याला अजून बोलायचे आहे हे आम्हांला कुणी सांगितलेलेच नसते. माईक एकच असेल तर तो प्रश्न विचारणाऱ्याकडे गेलेला असतो आणि तिथून थेट आभार मानणाऱ्याच्या हातात जातो.

जुना संहितालेखक
या धाग्यातली सर्वांत उपयोगी सूचना हीच आहे. वळण वाक्याने जमते, पण माईक हातात नसेल तर वाक्य कुठून म्हणणार? संहितेतील प्रश्नोत्तरांच्या पानाची एक प्रत सूत्रसंचालकाला सभेपूर्वी द्यावी आणि तिच्यावर लिहावे: ‘प्रश्नोत्तरांनंतर वक्त्याचे तीन मिनिटांचे समारोपाचे बोलणे आहे, आभार त्यानंतर.’ माईक एकच असेल तर तो हातातून सोडू नये. श्रोत्याने जागेवरून विचारावे आणि वक्त्याने प्रश्न माईकवर पुन्हा सांगावा. त्यामुळे मागच्या रांगेला प्रश्न कळतो आणि लांबलेला प्रश्न एका वाक्यात आणता येतो. पुन्हा सांगताना प्रश्नाचा अर्थ मात्र बदलू नये, नाहीतर विचारणारा परत उभा राहतो आणि तिथेच दोन मिनिटे जातात.

अशोक चौक
एवढा खटाटोप कशाला? आपल्या ओळखीच्या एकाला शेवटचा प्रश्न आधीच देऊन ठेवावा. उत्तर तयार, जोडवाक्य तयार, वेळही हातात.

जुना संहितालेखक
प्रश्न राखून ठेवणे योग्य आहे, पण जागा चुकली. शेवटचा म्हणून ठरवलेल्या माणसाआधी दुसराच कुणी हात वर करतो, किंवा तो उभा राहून तुमचेच वाक्य पाठ म्हणतो आणि गावात ते लगेच ओळखू येते. राखीव प्रश्न सुरुवातीला लागतो, कारण पहिला हात वर यायला सभेला वेळ लागतो. त्यासाठी दुसऱ्या कुणाला उभे करायचीही गरज नाही. वक्त्यानेच म्हणावे, ‘मला नेहमी विचारतात की हस्त बहार धरला तर तेल्या कमी येतो का,’ आणि त्याचे उत्तर अर्ध्या मिनिटात द्यावे. त्यानंतर हात वर येतात.

होटगीकर
चिठ्ठ्यांचा विचार कुणीच का केला नाही? चिठ्ठ्या गोळा केल्या की क्रम आपल्या हातात राहतो आणि समारोपाला जुळणारी चिठ्ठी शेवटी वाचता येते. शिवाय मागे बसलेल्या बायका हात वर करत नाहीत, पण चिठ्ठी देतात. डाळिंबाची तोडणी आणि निवड करणाऱ्या त्याच असतात, त्यांचे प्रश्न नेमके असतात.

पंढरपूर रस्ता
बायकांविषयीचे म्हणणे मान्य आहे. पण चिठ्ठ्या निवडणारा वक्ता अडचणीची चिठ्ठी खाली सरकवतो, असा संशय सभेला येतोच. तेल्याने बाग काढावी लागलेला माणूस समोर बसलेला असेल तर त्याला उभे राहून बोलू द्यावे लागते, आणि तो बोलल्यावर ‘दर आपल्या हातात नाही, कात्री आपल्या हातात आहे’ हे वाक्य त्याच्या तोंडावर म्हणता येईल का? चौथ्या जातीचा, रागाचा, प्रश्न तुमच्या संहितेत नाहीच.

जुना संहितालेखक
नाही, आणि त्यासाठी तयार वाक्य मी देणारही नाही. तिथे आधी त्याचे नुकसान मान्य करावे, थांबावे, आणि त्यावरून समारोपाकडे वळूच नये. दुसरा प्रश्न घ्यावा आणि तिथून वळावे. शेवटचे प्रश्न दोन ठेवण्याचे हेही एक कारण आहे. मात्र तो रागाचा प्रश्न दोहोंतला दुसरा असेल, तर मी तिसरा घेईन आणि शंभर शब्दांची प्रत काढीन.

पंढरपूर रस्ता
म्हणजे वेळ पुन्हा प्रश्नच ठरवणार. मग समारोप आधीच केला असता तर?

केगावकर
मी प्रश्न आधी घ्यायचे ठरवले आहे. मात्र सभा चार वाजता सुरू करण्याची विनंती आयोजकांना करते, म्हणजे धारांच्या आधी सर्व आटोपेल. निष्कर्ष २८व्या मिनिटाला आणि शेवटी असा दोनदा ठेवते. चिठ्ठ्या फक्त महिलांच्या बाजूला फिरवाव्यात की सर्वांनाच द्याव्यात, हे अजून ठरलेले नाही. होटगीकर, चिठ्ठ्या सभेच्या आधी वाटाव्यात की मधे?

होटगीकर
आधी वाटा, आणि तुमच्या मुख्य भागाच्या २०व्या मिनिटाला कुणाला तरी गोळा करायला सांगा. मधे वाटल्या तर कागद-पेनाच्या शोधात सभा मोडते.