अण्णांच्या पंचाहत्तरीची भेट : स्पीकर, तबकड्या की मैफल?

नीलिमा: सर्वांना नमस्कार. अण्णाकाकांच्या पंचाहत्तरीला बाराच दिवस उरले आहेत आणि अजून भेटीचा विषयसुद्धा कोणी काढलेला नाही. मागच्या वेळी घाईघाईत आणलेल्या स्पीकरचे पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. या वेळी आधी नीट विचार व्हावा, एवढीच विनंती.

सुधीरदादा: तो स्पीकर मी आणला होता हेही सर्वांना ठाऊक असताना नीलिमाने माझे नाव घेतले नाही, त्याबद्दल आभारी आहे. स्पीकर उत्तम होता. त्यावर रुमाल टाकून ठेवण्याचा निर्णय माझा नव्हता.

वैशाली: भाऊजी, रुमाल मीही टाकलेला नाही, अण्णांनी स्वतःच्या हाताने टाकला. त्यांचे म्हणणे असे की, त्यावर तबल्याचा डग्गा छातीत घुमतो आणि गाणारी मात्र शेजारच्या खोलीत गात असल्यासारखी वाटते.

विनयकाका: माझ्या मते वस्तू नकोच. अण्णांना जुन्या गाण्यांच्या मैफलीला घेऊन जावे. चार माणसांत बसून ऐकण्याचा आनंद वेगळा असतो.

अमेय: आजोबांची तक्रार खरी आहे, आणि त्यात सुधीरकाकांचा दोषही नाही. हल्लीचे बरेच लहान स्पीकर खर्जाचा आवाज मुद्दाम फुगवून देतात, कारण नव्या संगीताला तो शोभतो. आजोबांची गाणी 1950 ते 1965 च्या काळातली आहेत, त्यांत सगळी मजा आवाजाच्या मधल्या पट्टीत, म्हणजे गळा, सारंगी, बासरी यांत असते. त्यातच वयोमानाने कान आधी वरचे सूर गमावतात आणि शब्दांतले स, श, त, क हे वर्ण नेमके तिथेच असतात. खाली घुमारा वाढला आणि वर कान कमी पडला की सूर ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. मग आजोबा आवाज वाढवतात आणि घुमारा आणखी वाढतो.

सुधीरदादा: दोष नाही असे कोणीतरी म्हटले, हे वाचून बरे वाटले.

नीलिमा: माझ्या मनात तबकड्या आहेत. काकांच्या ट्रंकेत चाळीसेक तबकड्या वर्षानुवर्षे पडून आहेत. पेटीसारखा बंद होणारा नवा रेकॉर्ड प्लेअर घ्यावा आणि सोबत दोन-तीन तबकड्या द्याव्यात. ज्या वस्तूशी आठवण जोडलेली आहे, ती पुन्हा वाजू लागणे ही खरी भेट ठरेल, असे मला वाटते.

विनयकाका: मी पुन्हा नम्रपणे सांगतो, मैफल.

अमेय: नीलिमाआत्या, कल्पना सुंदर आहे, पण आधी ट्रंकेतली एक तबकडी हातात घेऊन पाहायला हवी. आई, ती जड आणि कडक आहे की किंचित वाकणारी, आणि लेबलावर कोणता आकडा आहे?

वैशाली: पाच-सहा काढून पाहिल्या. जड आहेत, अजिबात वाकत नाहीत, एकीचा तर कडेचा टवका उडालेला आहे. लेबलावर 78 छापलेले आहे. प्रत्येक बाजूला एकच गाणे आहे.

अमेय: मग या लाखेच्या तबकड्या आहेत. त्या मिनिटाला 78 फेरे घेतात आणि एक बाजू सुमारे तीन-साडेतीन मिनिटांत संपते. नव्या पेटीवजा प्लेअरांपैकी काहींना 33 आणि 45 हेच वेग असतात. ज्यांना 78 चा वेग असतो, त्यांतही सुई बहुधा प्लॅस्टिकच्या तबकडीसाठीच घडवलेली असते. लाखेच्या तबकडीची खाच कितीतरी रुंद असते, त्यामुळे बारीक सुई तळाशी जाऊन धुळीवर घासते आणि गाण्यापेक्षा खरखरच अधिक ऐकू येते. 78 साठीची सुई वेगळी मिळते, पण ती बदलता येणारा प्लेअर निवडावा लागेल. शिवाय दर तीन मिनिटांनी उठून बाजू उलटणे आजोबांच्या गुडघ्यांना झेपेल का, हेही पाहायला हवे.

सुधीरदादा: तबकड्या धुळीने भरलेल्या असतील. मी रविवारी येऊन स्पिरिटने पुसून देतो.

अमेय: काका, कृपा करून स्पिरिट किंवा सॅनिटायझर त्यांना लावू नका! लाख स्पिरिटमध्ये विरघळते, खाचाच पुसल्या जातील. मऊ कोरड्या ब्रशने खाचांच्या दिशेने धूळ काढावी आणि तबकड्या आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात.

सुधीरदादा: मदत करायला जावे, तर तेही चुकते. असो.

मंदाआत्या: मैफलीविषयी मी बोलते, कारण गेल्या वर्षी अण्णांना घेऊन मीच गेले होते. आम्हाला अगदी पुढच्या रांगेतली, कडेच्या स्पीकरसमोरची जागा मिळाली आणि कार्यक्रम सव्वातीन तास चालला. गाणारी मुले गुणी होती, पण व्हायोलिनांचा सगळा ताफा एका कीबोर्डवर वाजत होता. अण्णा प्रत्येक गाण्यात माझ्या कानाशी येऊन सांगत होते की मूळ गाण्यात इथे सारंगी आहे. मध्यंतरानंतर ते डोळे मिटून बसले. विनयला वाटले की रंगले आहेत.

विनयकाका: ते रंगलेलेच होते. तरीही मी माझा मुद्दा पुन्हा मांडतो: जागा मधल्या रांगेत, बाहेर पडायच्या वाटेलगतची घ्यावी, आणि मंचावर किती वादक बसणार आहेत हे तिकिटे काढण्यापूर्वी विचारून घ्यावे.

नीलिमा: काका, चौथ्यांदा का होईना, पण तुम्ही उपयोगाचे बोललात.

विनयकाका: तिसऱ्यांदा.

वैशाली: मला विचाराल तर रोज सकाळी दोन तास जे ऐकले जाईल, ते द्यावे. म्हणजे स्पीकरच, पण या वेळी अण्णांच्या कानांनी निवडलेला. त्यांना कारण न सांगता दोन-तीन स्पीकर घरी आणून वाजवून पाहता येतील का?

अमेय: माझ्या दोन मित्रांचे स्पीकर उद्या आणतो. आजोबांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, कानाच्या उंचीला, टणक फळीवर ठेवू. कोपऱ्यात नको, कोपरा घुमारा वाढवतो. एकच गाणे, एकाच आवाजात सगळ्यांवर वाजवायचे आणि आवाज बेताचाच ठेवायचा, कारण मोठ्या आवाजात सगळेच स्पीकर चांगले वाटतात. ही गाणी एकाच ध्वनिमार्गावर मुद्रित झालेली आहेत, तेव्हा जोडी घेण्याची गरज नाही, एक चांगला पुरेल. गाणे मात्र मूळ मुद्रणातलेच हवे, नंतर वरून ढोल जोडलेले नको.

सुधीरदादा: माझ्या स्पीकरलाही स्पर्धेत बसू द्या, एवढीच विनंती आहे.

वैशाली: काल संध्याकाळी तिन्ही वाजवून झाले. पहिल्यावर अण्णा गप्प बसले. सुधीरभाऊजींच्या स्पीकरवर अमेयने फोनमधून खर्ज उतरवला, तेव्हा अण्णांनी रुमाल घडी करून बाजूला ठेवला, पण अंतऱ्यातले दोन शब्द त्यांना कळले नाहीत. तिसऱ्यावर, जो दिसायला अगदी साधा आहे आणि ज्याला आवाजाचे गोल बटण आहे, अण्णांनी आवाज स्वतःहून कमी केला आणि कडवे ओळीने म्हटले. आजवर आवाज कमी करताना मी त्यांना पाहिले नव्हते.

मंदाआत्या: मग तिसराच. आणि गोल बटण हवेच, फोनमध्ये बोटे फिरवणे अण्णांना आवडत नाही.

नीलिमा: मान्य. ट्रंकेतल्या तबकड्यांवरची गाणी मी लेबले वाचून लिहून काढते. त्याच गाण्यांची मूळ मुद्रणे अमेयने नव्या स्पीकरवर क्रमाने लावून द्यावीत. टवका उडालेली तबकडी चौकटीत बसवून भिंतीवर लावता येईल, बाकीच्यांना कोणी हात लावू नये.

सुधीरदादा: हे शेवटचे वाक्य माझ्यासाठी आहे, हे लक्षात आले.

विनयकाका: सर्वांना मान्य असेल तर उत्तमच. मैफलीची तिकिटे मात्र मी मंदा आणि अण्णा या दोघांसाठी माझ्याकडून काढणार आहे. मधली रांग.

मंदाआत्या: वादक किती आहेत, ते आधी विचार.