रोज भेटणाऱ्या अंध शेजाऱ्याला दर वेळी नाव सांगायचं का?

निनाद, कोथरूड

आमच्या इमारतीत दोन महिन्यांपूर्वी एक अंध काका राहायला आले. निवृत्त आहेत, पांढरी काठी घेऊन एकटे फिरतात. माझी ताई म्हणते, समोर भेटलास की दर वेळी आपलं नाव सांग आणि कुठे उभा आहेस तेही सांग. मला ते फार अवघड वाटतं. दोन महिन्यांत त्यांनी माझा आवाज ओळखला असणारच. रोज 'मी निनाद' म्हणणं म्हणजे 'तुम्हाला दिसत नाही' हे त्यांना रोज ऐकवणं नाही का? तुम्हाला काय वाटतं?

काठीवाली

मी जन्मापासून अंध आहे. २० वर्षं झाली, पुण्यात बसने नोकरीला जाते. मला दिसत नाही हे मला कोणाचं नाव ऐकून आठवत नाही, ते मला माहीतच असतं. त्रास होतो तो नाव न सांगितल्याने.

मागच्या मंगळवारी कर्वे रस्त्यावर स्टॉपवर उभी होते. बाजूने आवाज आला, "काय, बऱ्याच दिवसांनी!" आता हे मला की दुसऱ्या कोणाला? मी उत्तर द्यावं आणि तो माणूस फोनवर बोलत असावा, असं माझं कितीदा तरी झालंय. म्हणून गप्प राहिले. तर लगेच, "ओळखलं नाही वाटतं? सांगा बघू कोण!" मी मनातल्या मनात ऑफिस, माहेर, जुनी सोसायटी, सगळीकडे शोधत होते. तेवढ्यात एक बस आली आणि गेली. मी शेजारच्या मुलीला नंबर विचारणार होते, तो विचारायचा राहिला. ते गृहस्थ माझ्या सहकारी मैत्रिणीचे दीर निघाले, एका लग्नात एकदाच भेटलेले. वाईट हेतू काहीच नव्हता त्यांचा. पण 'ओळखा पाहू' हा खेळ त्यांच्यासाठी गंमत असतो आणि माझ्यासाठी तोंडी परीक्षा.

म्हणून क्रम सांगते. आधी माझं नाव, म्हणजे बोलणं माझ्याशी आहे हे कळतं. मग तुमचं नाव, आणि आपल्या पुण्यात नुसतं 'मी जोशी' पुरत नाही, 'तिसऱ्या मजल्यावरचा' हेही लागतं. मग जागा: "तुमच्या उजव्या हाताला, जिन्यापाशी उभा आहे." पाच सेकंदांचं काम आहे.

पेठेतला भाचा

मला हे पटत नाही. माझे मामा ३० वर्षं अंध आहेत. नुसत्या पावलांवरून ओळखतात आम्हाला. मी एकदा "मामा, मी आलोय, दाराशी उभा आहे" म्हणालो तर चिडले. म्हणाले, "मला काय खुळा समजतोस?" आपल्याकडे "काय काका, बरं ना?" म्हटलं की माणूस आपोआप जवळचा होतो. हे नावगाव-पत्ता सांगणं सरकारी खिडकीवर शोभतं.

निवृत्त शिक्षक

काठी घेऊन एकट्याने कसं फिरायचं, हे अंध मुलांना शिकवण्यात माझी नोकरी गेली. भाचेसाहेब, तुमच्या मामांबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. घरातल्या माणसाला घरात नाव सांगायची गरज नसते. चपलेचा आवाज, दार लावायची पद्धत, खोकला, सगळं पाठ असतं. पण त्याच मामांना लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी सहाला हाक मारून पाहा. एकीकडे रिक्षा, दुसरीकडे दुकानातला स्पीकर, आणि तुम्हाला सर्दी झालेली. घरातली खात्री तिथे उपयोगी पडत नाही.

जागेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक नाव सांगायला लागले तरी जागा गाळतात. त्यांना वाटतं, आवाज कुठून आला ते ऐकणाऱ्याला कळतंच. डाव्या-उजव्या बाजूचं कळतं. आवाज एका कानाला आधी पोहोचतो आणि दुसऱ्याला किंचित नंतर. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मेंदूला पुरतो. अडचण येते ती अगदी समोर आणि अगदी मागे. दोन्हीकडून आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोहोचतो. मग माणूस मान जराशी वळवतो आणि फरक पडला की दिशा पकडतो. पण तुम्ही नुसतं "नमस्कार!" म्हणून थांबलात, तर मान वळेपर्यंत आवाज संपलेला असतो. पूर्ण वाक्य बोललात तर त्याला मान वळवायला वेळ मिळतो. म्हणून "तुमच्या समोर, दोन पावलांवर आहे" या वाक्याचा दुहेरी फायदा होतो. शब्दांतून जागा कळते आणि लांबीमुळे ती कानांनाही पटते.

याला मर्यादा आहे. ज्यांना एकाच कानाने ऐकू येतं, त्यांची दिशा जवळजवळ पूर्ण जाते. वयस्कर अंध माणसांत हे बरंच दिसतं आणि ते सांगत नाहीत. जिन्याच्या भिंतींवरून आवाज घुमतो, तिथे चांगले कानही फसतात. तुमचे काका उत्तर देताना दर वेळी तुमच्या थोडं बाजूला तोंड करून बोलत असतील, तर समजा की त्यांना नाव कळलंय पण जागा कळलेली नाही.

आईची मुलगी

पण निनाद, तुमच्या काकांना खरंच काहीच दिसत नाही का? माझ्या आईला काचबिंदू आहे. तिच्याकडे अंधत्वाचं प्रमाणपत्र आहे, तरी समोर उभं राहिलं की तिला माझा चेहरा दिसतो. ती भाजीवाल्याला, शेजारणींना काहीच सांगत नाही. तिला कोणी चारचौघांत "मी अमुक, तुमच्या डावीकडे" असं म्हणू लागलं तर ती बाहेर जायचीच बंद होईल. मला भीती वाटते की ही पद्धत सगळ्यांवर लादली जाईल.

निवृत्त शिक्षक

तुमच्या आईंसारखी पुष्कळ माणसं आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्वाच्या व्याख्येत दृष्टीचं क्षेत्र १० अंशांहून कमी असणंही येतं. हात पूर्ण लांब करून मूठ धरा. ती मूठ जेवढी जागा व्यापते, ते साधारण १० अंश. तेवढ्याच खिडकीतून जग दिसतं, पण त्या खिडकीत चेहरा स्पष्ट असू शकतो. अशा माणसाला समोरचा दिसतो आणि बाजूला उभा असलेला अजिबात दिसत नाही. म्हणून शेजारणी म्हणतात, "काल हसली, आज ओळख दाखवली नाही." आईंच्या समोर येऊन, हळू आवाजात नुसतं "काकू, मी वर्षा" म्हटलं तर त्यात कोणाला काही उघड होत नाही. पण त्यांनी कोणाला सांगावं की सांगू नये, हे मी ठरवू शकत नाही.

रोजची बसवाली

मला वेगळीच अडचण आहे. मी एकटी मुलगी. भर स्टॉपवर दहा पुरुषांसमोर मोठ्याने माझं पूर्ण नाव आणि सोसायटी कशाला सांगू? आणि उलटही आहे: कोणीही खोटं नाव सांगून अंध बाईच्या जवळ जाऊ शकतो.

काठीवाली

दोन्ही खरं आहे. मी तर म्हणेन, ओळखीची खूण सांगा, पत्ता नको. "ताई, मी तुमच्या ७ च्या बसमधली, काल शेजारी बसलेली." मला एवढं पुरतं. आणि अनोळखी असाल तर तसंच म्हणा: "मी अनोळखी आहे, तुमच्या डावीकडे उभी आहे." मग किती बोलायचं ते मी ठरवते. खोट्या नावाला माझ्याकडे पक्का उपाय नाही. मी जुन्या भेटीतलं काहीतरी विचारते आणि तोवर हात पुढे करत नाही.

हातावरून आठवलं. नाव सांगायच्या आधी स्पर्श करू नका, काठीला तर मुळीच नको. संक्रांतीला बायका न बोलता तळहातावर तिळगूळ ठेवतात. मुलं वाकून एकदम पायांना हात लावतात. प्रेमाने करतात सगळे, पण मी दचकून मागे सरते आणि समोरचा ओशाळतो. "मावशी, मी ओंकार, पाया पडतो" असं आधी म्हटलं की दचकायचा प्रश्नच येत नाही.

पेठेतला भाचा

पाया पडण्याचं पटलं. मामांच्या बाबतीत हे घडलेलं मी पाहिलंय, नातू वाकला तेव्हा ते धडपडले होते. पण रोजच्या माणसाने रोज नाव सांगायचं, यावर मी अजून अडून आहे. दोन महिने भेटणारा माणूस परका राहत नाही.

काठीवाली

मग एकदा विचारा की. "मी रोज नाव सांगू का, की आवाजावरून कळतं?" मी ऑफिसातल्या चौघींना सांगून ठेवलंय की तुम्ही नाव नका सांगू. बाकीच्यांनी सांगावं. त्या चौघींनीसुद्धा कँटीनच्या गोंगाटात सांगावं.

निवृत्त शिक्षक

एक वेळ मात्र अशी आहे की तेव्हा काहीच बोलू नये. अंध माणूस रस्त्याच्या कडेला मान किंचित तिरकी करून उभा असेल, तर तो गाड्यांचा आवाज ऐकून अंदाज घेतोय. तेव्हा "काका, मी निनाद!" म्हणालात तर त्यांचा सगळा हिशोब मोडतो. ते ओलांडून जाऊ देत, मग भेटा.

निनाद, कोथरूड

काल संध्याकाळी करून पाहिलं. पार्किंगमध्ये काका समोरून येत होते. मी म्हणालो, "काका, मी निनाद, तिसऱ्या मजल्यावरचा, डावीकडे स्कूटरपाशी उभा आहे." ते थांबले आणि उलट्या बाजूला वळून "बोला निनाद" म्हणाले. मग माझ्या लक्षात आलं. आम्ही समोरासमोर होतो आणि मी माझं डावं सांगितलं होतं, त्यांच्यासाठी ते उजवं. मी चूक सांगितली तर ते हसले आणि म्हणाले, "डोळस माणसांचं पहिल्यांदा हेच होतं."

भाचेसाहेब, मी त्यांना विचारलं की आवाजावरून कळतं का. म्हणाले, "लिफ्टमध्ये कळतं, पार्किंगमध्ये नाही. तू आणि दुसऱ्या मजल्यावरचा तो मुलगा, तुमचे आवाज मला इथे सारखेच लागतात." म्हणजे दोन महिने त्यांना कधी कधी मी कोण तेच कळत नव्हतं आणि ते तसंच माझ्याशी बोलत होते. फार वाईट वाटलं मला.

आणखी एक त्यांनी स्वतःहून सांगितलं, जे इथे कोणी लिहिलं नव्हतं. येताना नाव सांगतोस तसं जातानाही "निघतो" म्हण. गेल्या आठवड्यात मी फोन आला म्हणून गुपचूप बाजूला झालो होतो. ते त्यानंतर पाण्याच्या टँकरबद्दल बराच वेळ माझ्याशी बोलत राहिले होते. वॉचमननी सांगितलं तेव्हा त्यांना कळलं की समोर कोणी नाही.