उत्तर: फोटो शेअर करताना मेलचा पत्ता बदलणे

> हळदीच्या नमुन्याचा फोटो गॅलरीतून मेल केला, तो घरच्या पत्त्यावरून गेला. दुकानाचा पत्ता कुठे निवडायचा?

गॅलरीत नाही, जीमेलमध्येच. फोटो उघडून शेअरचं चिन्ह दाबा, यादीतून जीमेल निवडा. नवीन मेल उघडतो, फोटो खाली जोडलेला दिसतो. आता वरची From ओळ बघा. घाईत सगळे थेट To मध्ये पत्ता टाकायला जातात आणि घोळ तिथंच होतो. जीमेलमध्ये शेवटी घरचं खातं उघडलेलं असेल तर बहुतेकदा तोच पत्ता तिथं आपोआप बसतो. From वर बोट ठेवलं की फोनमधली खाती दिसतात, दुकानाचं निवडा. जोडलेला फोटो तसाच राहतो, पुन्हा शेअर करावं लागत नाही. खाली आपोआप येणारी सही असेल तर तीही एकदा बघून घ्या, मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याला घरची सही जायला नको.

यादीत दुकानाचा पत्ताच नसेल तर ते खातं या फोनवर जोडलेलं नाही. मेल तसाच सोडा, जीमेलमध्ये उजवीकडच्या वरच्या गोल चित्रावर दाबून आधी खातं जोडा, मग फोटो नव्याने शेअर करा. अर्धवट मेल घरच्या खात्याच्या ड्राफ्टमध्ये पडून राहतो, तो काढून टाका.

पाठवल्यावर खाली काही सेकंद Undo दिसतं. पत्ता चुकलाय हे तेवढ्यात लक्षात आलं तर मेल परत घेता येतो. नंतर शंका आली तर दोन्ही खात्यांचं Sent उघडा. ज्यात मेल सापडेल, त्याच पत्त्यावरून तो गेलाय.